आधी पेडल काढली!

मी अठ्ठाविसाव्या वर्षी सायकल शिकलो, तेही पेडल काढून. मागून धरायला कुणी नव्हतं, आणि सोसायटीतली पोरं हसायची. १५ नंबरचा पाना आणला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळवे जमिनीला टेकले. मग हलक्या उतारावर पायांनी ढकलत जायचं. तरी पडायचोच, कारण सायकल डावीकडे कलली की घाबरून हँडल उजवीकडे ओढायचो. खरं तर कलेल तिकडेच वळवायचं, म्हणजे चाकं परत आपल्याखाली येतात. तिसऱ्या रविवारी पाय उचलून अख्खा उतार उतरलो. पेडल त्यानंतर लावली. आता पोरं शर्यत लावू म्हणतात. ब्रेक अजून हळू दाबता येत नाही, म्हणून टाळतोय.