वीस वर्षांनी गायची गाणी

दहावीचा वर्ग वीस वर्षांनी भेटायचा ठरला, की कुणीतरी म्हणतोच, ‘मैत्रीची गाणी घेऊ या.’ यादीत पहिले येते ते ‘शोले’तले मोटारसायकलवरचे गाणे. चित्रपट 1975 चा. शब्द आनंद बक्षींचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचे, आवाज किशोरकुमार आणि मन्ना डे यांचे. गाणे उत्तमच, पण ते दोघांचे आहे. दोन मित्र एकमेकांना वचन देतात. चाळीस जणांच्या वर्गात दोघे गातात आणि अडतीस जण बघत बसतात.

‘दोस्ती’ या 1964 च्या चित्रपटातली रफीसाहेबांची गाणी तर एकट्याची. एकाने गावीत, बाकीच्यांनी डोळे पुसावेत.

मग सगळ्यांनी मिळून काय गावे? ‘जंजीर’ आठवा, 1973 चा. त्यातले मैत्रीचे गाणे प्राण यांच्यावर चित्रित झाले आहे, मन्ना डे यांनी गायले आहे आणि त्याची घडण कव्वालीची आहे. कव्वालीत एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. ज्याला सूर नाही तोही टाळीने सामील होतो. आपल्या भजनातही हेच घडते. मेळाव्याला ही घडण सोयीची.

अडचण येते पट्टीची. पुरुष साधारण काळी एकमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. पट्टी चढी असली की पुरुषांचे आवाज फाटतात, उतरती असली की बायकांचे शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून ध्रुवपद चार-पाच सुरांतच फिरावे आणि कडवी ज्याने त्याने आपल्या पट्टीत म्हणावीत. ध्रुवपदाला आवाज वाढण्याऐवजी कमी झाला, तर पट्टी चुकली असे समजावे.

एका वर्गाने माझ्याकडे गाणे मागितले, तेव्हा मी हजेरीचा घाट घेतला. ‘गालगागा’ तीन वेळा, एवढाच सोपा ठेका:

घ्या हजेरी, घ्या गुरूजी, घ्या हजेरी
पांगलेली पाखरे ही आज दारी

ध्रुवपद झाले की एक नाव पुकारायचे. त्याने ‘हजर’ म्हणून आपली एक ओळ म्हणायची, की पुन्हा ध्रुवपद. ओळी ज्याच्या त्याने लिहून आणल्या होत्या.

प्रश्न उरला एका नावाचा. तो मित्र हयात नव्हता. काही म्हणाले, नाव गाळा, आनंदाचा दिवस आहे. मी म्हणालो, हजेरीपटावरचे नाव आपण कोण गाळणार? नाव पुकारले. क्षणभर टाळ्या थांबल्या. मग त्याच्या बाकावर बसणाऱ्याने, शाळेत तो दांडी मारायचा तेव्हा काढायचा तसाच आवाज बदलून म्हटले, ‘हजर!’

वर्ग हसला, रडला आणि पुढचे ध्रुवपद सगळ्यांत मोठ्या आवाजात झाले.