राउटरचे दिवे हिरवे, मग नेट कुठे अडलं?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या खोलीत नेट बंद पडलं. राउटरचे सगळे दिवे नेहमीसारखे हिरवे. मोबाइलवर वायफाय जोडलेलं दिसे, पण पुढे काहीच उघडेना. बँकेत हप्ता ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस होता. आम्ही तर नवा राउटर आणायला निघालो होतो.

आमच्याकडे दोन डब्या आहेत. बाहेरून येणारी फायबरची बारीक तार जिथे शिरते, तो मोडेम. मोडेममधून निघालेली जाड केबल ज्यात जाते, तो राउटर. राउटर आपल्याला वायफाय देतो. त्याच्या वायफायच्या दिव्याचा अर्थ एवढाच, की राउटर वायफाय सोडतो आहे. केबलचा दिवाही मोडेमला वीज मिळते आहे तोवर लागलेला राहतो. बाहेरचं नेट घरापर्यंत आलं की नाही, हे हे दोन दिवे सांगत नाहीत.

म्हणून आधी मोडेम पाहायचा. आमचा कपाटामागे होता. त्यावर ‘LOS’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता. म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता. झाडताना कपाट भिंतीकडे सरकलं आणि तार दुमडली होती. राउटर बिचारा निर्दोष! नेटवाल्याने येऊन तार बदलली. तोवर हप्ता आम्ही मोबाइलच्या डेटावरून भरला. अशी तार आपण ओढू नये, आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये.

पण मोडेमवर लाल दिवा नसेल आणि ‘PON’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर? मग राउटरमध्ये येणारी केबल काढून सरळ लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. मोडेम एक मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लॅपटॉपवर नेट चाललं, तर मोडेम आणि केबल ठीक, दोष राउटरकडचा. मग केबल राउटरच्या ‘WAN’ लिहिलेल्या भोकात परत नीट बसवा आणि राउटर बंद करून सुरू करा. नेट चाललंच नाही, तर ती केबल बदलून पाहा. तरीही नाही, तर दोष मोडेमचा किंवा त्याच्या मागचा. नेटवाल्याला बोलवा.

एक अडचण ध्यानात ठेवा. काही ठिकाणी नेटचं नाव आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेले असतात. तिथे लॅपटॉप सरळ लावून नेट मिळत नाही, म्हणून मोडेमला लगेच दोष देऊ नका. आपली जोडणी तशी आहे का, हे नेटवाल्याला आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. आणि राउटरच्या मागचं ‘रीसेट’चं बारीक भोक टाचणीने दाबू नका. ते नाव आणि पासवर्ड पुसले जातात, मग धड असलेला राउटरही नेट देत नाही.