अष्टमीचा चंद्र आणि त्रिकोणाची लांब बाजू

शुक्ल अष्टमीला सूर्य मावळतीला टेकलेला असतो तेव्हा अर्धा चंद्र दक्षिणेकडे, आकाशात उंचावर दिसतो. सूर्य आणि चंद्र दोघंही दिसायला साधारण सारखेच, जेमतेम अर्धा अंश रुंदीचे. यांतला दूरचा कोण? आज शाळकरी मुलगाही उत्तर देईल, पण ते पुस्तकात वाचून. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सामोस बेटावरच्या अरिस्टार्कसनं या प्रश्नासाठी आकाशात एक त्रिकोण पाहिला. एक शिरोबिंदू पृथ्वी, दुसरा चंद्र आणि तिसरा सूर्य.

चंद्राचा उजळलेला भाग नेहमी सूर्याकडे तोंड करून असतो. तो आपल्याला नेमका अर्धा दिसतो, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातली सीमा अगदी सरळ रेषेसारखी दिसते, तेव्हा आपली नजर आणि चंद्रावर पडणारे सूर्यकिरण एकमेकांशी काटकोन करतात. तेव्हा त्रिकोणाचा चंद्रापाशी असलेला कोन ९० अंशांचा झाला. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, म्हणून पृथ्वी आणि सूर्य यांच्यापाशी असलेले दोन कोन मिळून ९० अंशच उरतात. त्यांतला कोणताही एकटा चंद्राच्या कोनाची बरोबरी करू शकत नाही. या मोठ्या कोनासमोरची बाजू म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर, आणि तेच तिघांत सर्वांत मोठं. सूर्य चंद्रापेक्षा दूर आहे, हे एकही अंतर न मोजता ठरलं!

कुणी म्हणेल, खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, म्हणजे तो अलीकडे आहे हे तेवढ्यावरूनही कळतंच. बरोबर आहे. पण खग्रास ग्रहण एखाद्या गावाच्या नशिबी क्वचितच येतं, आणि अष्टमी दर पंधरवड्याला येते. शिवाय या त्रिकोणातून पुढं बरंच काही निघतं. त्याआधी मधली एक पायरी पक्की करायला हवी. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू का असते? ‘तोंड जास्त उघडलं की समोरचं अंतर वाढणारच’ असं उत्तर पटकन सुचतं. पण त्यात एकच कोन कमी-जास्त होतो आहे, तर इथं एकाच त्रिकोणातले दोन वेगवेगळे कोन तोलायचे आहेत. ते उत्तर इथं पुरत नाही.

श्रोत्यांनी एक कागद, पट्टी आणि कंपासपेटीतला कोनमापक घ्यावा. अ या बिंदूपाशी ६० अंशांचा कोन काढावा. त्याच्या एका भुजेवर ५ सेंटीमीटरवर ब आणि दुसऱ्या भुजेवर ८ सेंटीमीटरवर क घ्यावा. ब आणि क जोडले की ती बाजू बरोबर ७ सेंटीमीटर भरते. आता त्रिकोण कापून घ्यावा आणि अ पाशी अशी घडी घालावी की बाजू अब ही बाजू अक वर तंतोतंत बसेल. अब आखूड आहे, त्यामुळे ब बिंदू क पर्यंत पोचणार नाही. तो अलीकडेच, अ पासून ५ सेंटीमीटरवर टेकेल. त्या जागेला ड म्हणावं. घडीची रेघ समोरच्या बक बाजूला जिथं छेदते तो बिंदू इ.

घडीनं ब चा अख्खा कोन उचलून ड वर आणून ठेवला आहे. म्हणजे ड पाशी, डअ आणि डइ यांच्यामध्ये, ब एवढाच कोन आहे. आता उरलेल्या छोट्या त्रिकोणाकडे, ड इ क कडे पाहावं. ड वरचा तो कोन या छोट्या त्रिकोणाच्या बाहेर पडतो. तो त्याचा बाह्यकोन आहे. बाह्यकोन हा दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, हे प्रमेय शाळेत झालेलं असतं. इथं ते दोन कोन म्हणजे क चा कोन आणि इ पाशी उरलेला कोन. म्हणजे ब चा कोन बरोबर क चा कोन अधिक आणखी काही. तेव्हा ब चा कोन क पेक्षा मोठा असलाच पाहिजे. कोनमापक लावला तर ब सुमारे ८२ अंश आणि क सुमारे ३८ अंश भरतो. मधला ४४ अंशांचा फरक कुठं गेला, हेही घडी उलगडण्याआधी दाखवता येतं. तो इ पाशी बसला आहे.

या युक्तीत ६० अंशांचं काही विशेष नाही. अ चा कोन कितीही घेतला तरी घडी तशीच पडते. लागते ती एकच गोष्ट, अब ही अक पेक्षा आखूड असणं. दोन्ही सारख्या असत्या तर ब थेट क वर पडला असता, छोटा त्रिकोण उरलाच नसता आणि दोन्ही कोन समान झाले असते. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय ते हेच.

मात्र एवढ्यानं अष्टमीचा प्रश्न सुटत नाही. घडीनं दाखवलं ते मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असतो एवढं. आकाशात आपल्याला कोन ठाऊक आहेत आणि बाजू शोधायची आहे, म्हणजे उलटा प्रवास हवा. युक्लिडनं ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकात ही दोन वेगळी प्रमेयं ठेवली आहेत, अठरावं आणि एकोणिसावं. एकोणिसाव्याची सिद्धता तो नवी आकृती न काढता, शक्यता खोडून करतो. समजा ब चा कोन क च्या कोनापेक्षा मोठा आहे. मग अक आणि अब या बाजू समान असतील का? नाही, कारण तसं असतं तर कोनही समान असते. अक ही अब पेक्षा लहान असेल का? तेही नाही, कारण मग आत्ताच पाहिल्याप्रमाणे ब चा कोन लहान झाला असता. तिसरी शक्यता एकच उरते, अक मोठी. शाळेत हा भाग ‘त्याचप्रमाणे’ म्हणून बऱ्याचदा उरकला जातो. पण लांबी ताडून पाहायच्या वेळी हाताशी येतं ते हेच दुसरं प्रमेय.

आता पुन्हा आकाशाकडे. अरिस्टार्कसनं पृथ्वीपाशी असलेला, म्हणजे सूर्य आणि अर्धा चंद्र यांच्यातला कोन काटकोनापेक्षा त्याच्या तिसाव्या भागानं कमी धरला. आजच्या मापात तो ८७ अंश झाला. सूर्यापाशी मग ३ अंश उरतात. कोनांचा क्रम चंद्र, पृथ्वी, सूर्य. समोरच्या बाजूंचा क्रमही तसाच. पृथ्वी ते सूर्य सर्वांत लांब, चंद्र ते सूर्य त्याहून किंचित कमी, आणि पृथ्वी ते चंद्र सर्वांत आखूड. सूर्य चंद्राच्या किती पट दूर, याचंही उत्तर त्यानं काढलं. १८ पटींहून जास्त आणि २० पटींहून कमी.

पटीचं हे उत्तर मात्र फार चुकलं. पृथ्वीपाशीचा खरा कोन ८९ अंश ५१ कलांच्या आसपास आहे. सूर्यापाशी ३ अंश नव्हे, तर जेमतेम ९ कला उरतात. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आणि सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर. म्हणजे अंतर सुमारे ३९० पट. कोनात तीन अंशांहूनही कमी चूक, आणि उत्तरात वीसपट फरक! अर्ध्या चंद्राचा नेमका क्षण पकडणं हीच यातली अडचण. सूर्याच्या तुलनेत चंद्र तासाला अर्धा अंश सरकतो, तेव्हा तीन अंश म्हणजे सहा तास. आपल्या पंचांगात अष्टमी ८४ अंशांपासून ९६ अंशांपर्यंत असते, म्हणजे अरिस्टार्कसचा कोन आणि खरा कोन दोन्ही एकाच तिथीत बसतात.

क्रमाला मात्र या चुकीनं धक्का लागला नाही. ८७ घ्या, ८९ घ्या, तिन्ही अंतरांचा क्रम तोच राहतो. याचं कारण असं की प्रमेय क्रमाबद्दल बोलतं, पटीबद्दल नाही. आपल्या कागदी त्रिकोणातही ते दिसतं. ३८ अंशांसमोर ५ सेंटीमीटर आणि ८२ अंशांसमोर ८. कोन दुपटीहून मोठा, बाजू दुपटीच्या आसपाससुद्धा नाही. कोन दुप्पट म्हणून बाजू दुप्पट असं लिहिणारा विद्यार्थी दरवर्षी कुठल्या तरी वर्गात भेटतोच.

दुसरी चूक जरा लपलेली असते आणि ती आकृतीत एकापेक्षा जास्त त्रिकोण आले की होते. श्रोत्यांनी नवा कागद घेऊन अबकड असा चौकोन काढावा आणि बड हा कर्ण जोडावा. डावीकडच्या त्रिकोणात अ पाशी ६१, ब पाशी ६० आणि ड पाशी ५९ अंश. उजवीकडच्या त्रिकोणात ड पाशी ६१, ब पाशी ६० आणि क पाशी ५९. चार बाजू आणि एक कर्ण, या पाचांत सर्वांत लांब कोण?

घाईत दोन ६१ दिसतात आणि ‘दोघं समान’ असं उत्तर येतं. डावीकडे ६१ समोर कर्ण बड आहे, उजवीकडे ६१ समोर बाजू बक. पण हे दोन कोन वेगवेगळ्या त्रिकोणांतले आहेत. प्रमेय एका त्रिकोणाच्या आतच चालतं, आणि कुंपण ओलांडायचं तर दोन्ही त्रिकोणांत सामाईक असलेली बाजू लागते. इथं ती बड आहे. डाव्या त्रिकोणात क्रम लागतो अब, अड, बड, आणि बड सर्वांत मोठी. उजव्यात बड ही ५९ समोर, म्हणजे सर्वांत लहान, मग कड, मग बक. डावीकडची सर्वांत मोठी तीच उजवीकडची सर्वांत लहान, त्यामुळे दोन्ही साखळ्या जोडल्या जातात. अब, अड, बड, कड, बक असा पाचही रेघांचा चढता क्रम मिळतो.

बड नेमकी १० सेंटीमीटर घेतली तर बाकीच्या चार अनुक्रमे सुमारे ९.८, ९.९, १०.१ आणि १०.२ सेंटीमीटर येतात. शेजारच्या दोघींत एक मिलिमीटर! जाड टोकाच्या पेन्सिलीनं काढलेल्या आकृतीवर पट्टी ठेवून हा क्रम सांगायला कुणी धजू नये.

आता उजवीकडचे कोन बदलून पाहावं. क पाशी ९०, ब पाशी ५०, ड पाशी ४०. कर्ण बड आता दोन्ही त्रिकोणांत सर्वांत मोठा ठरतो, म्हणून पाचांत सर्वांत लांब तोच. पण अब आणि बक यांत मोठी कोणती? दोन्ही बड पेक्षा लहान आहेत, एवढ्यावर त्यांची आपसांत तुलना होत नाही. बड १० सेंटीमीटर असेल तर अब ९.८ आणि बक सुमारे ६.४ येते, म्हणजे फरक चांगला डोळ्यांत भरण्याजोगा आहे, तरीही हे प्रमेय गप्प बसतं. हे आकडे काढायला कोनांच्या साइन किमती लागतात. एका त्रिकोणात प्रत्येक बाजूला तिच्या समोरच्या कोनाच्या साइननं भागलं तर तिन्ही वेळा तीच संख्या मिळते, आणि तो नियम क्रमाबरोबर पटही सांगतो.