मिठाच्या पुडीवरील बारीक अक्षरे



मूत्रपिंडे दुबळी झालेल्या कामगाराच्या डब्यातून केळे, बटाटा आणि टोमॅटो हे तिघे पहिल्याने बाहेर पडतात. तिघांतही पोटॅशियम आहे. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात. थकलेल्यांना ते साधत नाही. मग ते रक्तात साचते आणि हृदयाचा ठोका बिघडवते. पुष्कळदा आधी कसलीच सूचना मिळत नाही; फार तर पायांतले बळ गेल्यासारखे वाटते. रक्त तपासले तरच कळते. अहवालात साधारण साडेतीन ते पाच हा आकडा ठीक. सहाच्या पुढे गेला तर तडक इस्पितळ गाठावे.

आता एक हिशेब मांडू. समजा, चाकणच्या कारखान्यातल्या एका फिटरला रक्तदाब आहे आणि मूत्रपिंडेही अधू आहेत. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. त्याने दुकानातून ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले. चव तीच, म्हणून हातही तसाच सैल. अशा काही पुड्यांत चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असते आणि त्याच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग निव्वळ पोटॅशियम. दिवसाकाठी दहा ग्रॅम मीठ पोटात गेले, तर त्यातून सुमारे तेराशे मिलिग्रॅम पोटॅशियम गेले. एका मध्यम केळ्यात ते चारशेच्या आसपास असते. म्हणजे डब्यातले एक केळे काढले आणि तीन केळी मिठातून आत गेली! त्यात तो रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल घेत असेल, तर ती औषधेही पोटॅशियम वाढवतात.

हे मीठ वाईट, असे माझे म्हणणे नाही. चीनमधील सहाशे खेड्यांत असेच मीठ वापरून पाहिले. 2021 साली निष्कर्ष आले, पक्षाघाताचे प्रमाण घटले. परंतु गंभीर मूत्रपिंडविकाराची माणसे त्या प्रयोगात घेतलीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 साली या मिठाची शिफारस केली, तीही मूत्रपिंडाचे रुग्ण वगळूनच.

बटाट्याला मात्र तोड आहे. साल काढून बारीक फोडी कराव्यात, भरपूर पाण्यात उकडाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. बरेच पोटॅशियम पाण्याबरोबर जाते. नुसते भिजवून फारसे साधत नाही. रस्सा केला तर गेलेले परत पोटात येते. मिठातले पोटॅशियम असे काढता येत नाही.

आणखी एक. मूत्रपिंड अधू म्हणून प्रत्येकाने केळे सोडावे, असेही नाही. रक्तातला आकडा वाढलेला नसेल, तर उगाच फळे-भाज्या तोडू नयेत; तो निर्णय डॉक्टरांनी अहवाल पाहून करावा. मीठ मात्र साधेच आणावे, आणि थोडे घालावे. आपण पगाराच्या चिठ्ठीवरची प्रत्येक कपात वाचतो. तशीच मिठाची पुडी उलटून ‘पोटॅशियम क्लोराइड’ हे शब्द शोधावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.