आधी उघडा कंसाचं दार

सहावी-सातवीची मुलं कंसाच्या गणितात अडतात. त्यांच्यासाठी आम्ही या चार ओळी जुळवल्या आहेत:

आधी उघडा कंसाचं दार,
मग गुणाकार-भागाकार;
बेरीज-वजाबाकी शेवटाला,
डावीकडून उजवीकडे चला.

आपल्या बचत गटाचाच हिशेब घेऊ. दहा जणींनी प्रत्येकी १०० रुपये बचत आणि ५ रुपये दंड भरला. मांडणी झाली १० × (१०० + ५). आधी कंस सोडवला, १०५ आले. त्याची दहापट १०५० रुपये. आता कंस पुसा: १० × १०० + ५, म्हणजे १००५. दंड एकीचाच धरला गेला आणि ४५ रुपये कमी पडले.

शाळेत ‘कंचेभागुबेव’ शिकवतात. त्यात बेरीज वजाबाकीच्या आधी येते. म्हणून २० − ८ + ५ मध्ये मुलं आधी ८ आणि ५ मिळवतात आणि उत्तर ७ काढतात. पण बेरीज-वजाबाकी या जुळ्या बहिणी, दोघींचा मान सारखाच. डावीकडून जी आधी भेटेल ती आधी करायची. वीसातून आठ गेले, बारा राहिले. त्यात पाच मिळवले, सतरा. गुणाकार-भागाकाराचंही तसंच.

उत्तर चुकलं तर मुलांना एका ओळीत एकच क्रिया लिहायला सांगा. कुठे घसरलं ते तुम्हालाही दिसेल.