छायाचित्राचा साक्षीदार

पूर्वी लग्न जुळविताना छायाचित्र पाकिटातून येत असे. ते आणणारा मध्यस्थ दोन्ही घरे ओळखणारा असे आणि छायाचित्र कोणाचे, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. चेहऱ्याबरोबर त्याचा साक्षीदारही घरात येत असे. आज डेटिंग अ‍ॅपवर किंवा विवाहविषयक संकेतस्थळावर चेहरा येतो, परंतु साक्षीदार येत नाही. हा चेहरा खरोखर त्याच माणसाचा आहे, की दुसऱ्या कोणाचा उचलून लावलेला आहे, हे पडताळण्याचे एक साधन आज प्रत्येक मोबाइलमध्ये उपलब्ध आहे. त्यास रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे छायाचित्रावरून छायाचित्राचा शोध, असे म्हणतात. हे साधन कसे वापरावे, ते काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

शोध कसा चालतो

नेहमीच्या शोधात शब्द लिहावे लागतात. या शोधात शब्दाऐवजी छायाचित्रच द्यावयाचे असते. ‘टिनआय’ ही कॅनडातील सेवा २००८ साली सुरू झाली आणि गूगलने अशी सोय २०११ साली उपलब्ध करून दिली. या दोहोंच्या कामात एक महत्त्वाचा फरक आहे. टिनआय त्याच छायाचित्राच्या प्रती शोधते. मग ती प्रत लहान केलेली असो, कडेने कापलेली असो वा तिचा रंग बदललेला असो. ती चेहरा ओळखत नाही. त्याच माणसाचे दुसरे छायाचित्र तिला सापडणार नाही. गूगलची ‘लेन्स’ ही सोय प्रतींबरोबरच दिसण्यात सारखी असलेली अन्य चित्रेही पुढे मांडते. त्यामुळे निळा कोट घातलेल्या एका गृहस्थाचे छायाचित्र दिले, तर निळे कोट घातलेले पन्नास परके गृहस्थ पडद्यावर येतात. हे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा होऊ शकते ती फक्त तीच प्रत.

एक उदाहरण

अशा फसवणुकीत वारंवार आढळणारे तपशील एकत्र करून पुढील उदाहरण रचले आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या एका विधवा शिक्षिकेची डेटिंग अ‍ॅपवर एका गृहस्थाशी ओळख झाली. आपण भारतीय वंशाचे असून ब्रिटनमधील रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ आहोत, असे त्यांनी कळविले. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ संदेश येत राहिले. बाईंच्या आजारपणात त्यांनी औषधांची चौकशी केली, शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण ठेवली. पुढे त्यांनी भेटवस्तूंचे पार्सल पाठविल्याचे सांगितले. दोन दिवसांनी दिल्ली विमानतळाच्या सीमाशुल्क कार्यालयातून बोलत असल्याचा दूरध्वनी आला. पार्सल सोडविण्यासाठी १,८५,००० रुपये एका बँक खात्यात भरावयाचे होते. बाईंनी मुदत ठेव मोडण्याचे ठरविले. त्या रात्री त्यांची भाची मुक्कामास होती. तिने एवढेच म्हटले, “मावशी, पैसे उद्या भरता येतील. आज हे फोटो तेवढे बघू या.”

अ‍ॅपवर तीन छायाचित्रे होती. अ‍ॅपमधून ती उतरवून घेता येत नव्हती, म्हणून भाचीने प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घेतला. मग तिने अ‍ॅपची बटणे, नाव व वय दिसणारा भाग कापून केवळ छायाचित्र शिल्लक ठेवले. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण आवश्यक आहे. बटणांसकट स्क्रीनशॉट दिला, तर शोध त्या बटणांच्या मागे भरकटू शकतो. त्यानंतर संगणकावर images.google.com उघडून शोधचौकटीतील कॅमेऱ्याच्या चिन्हावर टिचकी मारली आणि पहिले छायाचित्र दिले. ते बागेत सुटाबुटात काढलेले होते. उत्तरादाखल अनेक सुटाबुटातील पुरुष आले. Exact matches या भागात, जेथे तंतोतंत जुळणाऱ्या प्रती दाखविल्या जातात, तेथे काहीच नव्हते. बाई म्हणाल्या, “बघ, कुठेच नाही. म्हणजे खराच आहे माणूस.”

येथेच अनेकांची गफलत होते. काही न सापडणे म्हणजे छायाचित्र खरे असणे नव्हे. फेसबुक व इन्स्टाग्राम यांवरील असंख्य छायाचित्रे या शोधसेवांच्या नोंदीत नसतात. एखाद्याच्या खासगी खात्यातून उचललेले छायाचित्र शोधात मुळीच येणार नाही. त्यामुळे या टप्प्यावर निष्कर्ष काढावयाचा नसतो, तर पुढचे छायाचित्र घ्यावयाचे असते.

दुसऱ्या छायाचित्रात तेच गृहस्थ रुग्णालयाच्या बोळात उभे होते. त्याच्याही प्रती मिळाल्या नाहीत. भाचीने ते मोठे करून पाहिले, तेव्हा मागील भिंतीवरील पाटीची अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी होती. “मावशी, हा फोटो डावा-उजवा फिरवलेला आहे.” भामटे मंडळी मुद्दाम असे करतात, कारण उलट्या छायाचित्राची मूळ प्रत ओळखणे शोधसेवांना पुष्कळदा जमत नाही. घड्याळाचे आकडे, वाहनाचा क्रमांक, छातीवरील नावाची पट्टी, सदऱ्याच्या गुंड्यांची बाजू यांवरून ही लबाडी ध्यानात येते. मोबाइलच्या छायाचित्र-संपादनातील Flip या सोयीने ते पुन्हा सुलट करता येते.

सुलट केलेले छायाचित्र दिल्याबरोबर Exact matches मध्ये दोन पाने आली. एक दक्षिण अमेरिकेतील एका रुग्णालयाचे होते आणि दुसरे तेथील एका वृत्तपत्राचे. दोन्हीकडे छायाचित्राखाली एकच नाव होते, पण ते बाईंना सांगितलेले नाव नव्हते. 

प्रतींची तुलना

हाती लागलेली प्रत खरोखर तीच आहे काय, हे चेहऱ्यावरून ठरवू नये. चेहरे सारखे असू शकतात. परंतु डगल्याची चुणी त्याच जागी, खिशातील पेन त्याच कोनात, चष्म्यावरील उजेडाचा ठिपका त्याच ठिकाणी आणि मागच्या फरशांची रेघ तशीच, असे सर्व एकाच वेळी जुळणे दोन वेगळ्या छायाचित्रांत घडत नाही. भाचीने दोन्ही प्रती शेजारी ठेवून हे तपशील बाईंना एकेक करून दाखविले.

आता दुसरा प्रश्न उरतो. चोर कोण आणि धनी कोण? कदाचित अ‍ॅपवरील गृहस्थच खरे असतील आणि त्यांचेच छायाचित्र दुसऱ्याने वापरले असेल. हा संशय न्याय्य आहे व तो तपासला पाहिजे. यासाठी tineye.com वर तेच छायाचित्र देऊन निकालांची मांडणी Oldest या पर्यायाने करावी, म्हणजे सर्वांत जुनी प्रत वर येते. मात्र तेथील तारीख ही त्या सेवेला ती प्रत प्रथम आढळली तेव्हाची असते. छायाचित्र त्याहून जुने असू शकते. म्हणून तारखेवरच न थांबता पान कोणाचे आहे हे पाहावे. या उदाहरणात सर्वांत जुनी प्रत सात वर्षांपूर्वीची, रुग्णालयाच्या स्वतःच्या पानावरील होती. त्याच पानावर त्या डॉक्टरांची निरनिराळ्या वर्षांची आणखी छायाचित्रे होती आणि बागेतील सुटाबुटाचे छायाचित्रही त्यांत होते. एकच चेहरा, एकच नाव, अनेक वर्षे आणि जबाबदार संस्थेचे पान, असा मेळ बसला म्हणजे धनी कोण हे ठरते.

त्या परदेशी डॉक्टरांचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्याचा चेहरा चोरला गेला, तोही फसविला गेलेलाच असतो. त्यास संतापाने पत्र लिहिणे किंवा त्याचे नाव गावभर करणे हा अन्याय होईल. अमेरिकी सैनिकांची छायाचित्रे अशा कामी इतक्या वेळा वापरली गेली आहेत, की तेथील सैन्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने लोकांना त्याबाबत वारंवार सावध केले आहे.

शोध जेथे थांबतो

समजा, तिन्ही छायाचित्रे फिरवून, कापून, नुसती पार्श्वभूमी देऊनही काही मिळाले नसते, तर काय करावे? आज संगणकाने घडविलेला, जगात अस्तित्वातच नसलेला चेहराही लावता येतो. त्याची मूळ प्रत कोठेच नसल्याने शोध रिकामाच परततो. अशा वेळी छायाचित्र सोडून त्याबरोबरची हकिकत तपासावी. ब्रिटनमध्ये रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांची नोंद जनरल मेडिकल कौन्सिल या संस्थेच्या नोंदवहीत असते आणि ती कोणासही विनामूल्य पाहता येते. नाव तेथे नसेल, तर हकिकत कोसळते. नाव असले तरी ते नावही उसने असू शकते. म्हणून रुग्णालयाच्या अधिकृत पानावरील दूरध्वनीवर चौकशी करावी. त्या गृहस्थाने दिलेल्या क्रमांकावर करू नये.

पार्सलची गोष्ट तर याहून सोपी होती. भारतीय सीमाशुल्क विभाग कोणाच्या वैयक्तिक बँक खात्यात शुल्क भरावयास सांगत नाही. त्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. बाईंना आलेल्या संदेशात असा क्रमांक नव्हता.

पुढील कार्यवाही

छायाचित्र चोरीचे असल्याचे कळताच त्या माणसास जाब विचारावा, असे कोणासही वाटेल. पण जाब विचारताच खाते नाहीसे होते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. भाचीने आधी अ‍ॅपवरील पान, सर्व संदेश, दूरध्वनी क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि मूळ छायाचित्र सापडलेल्या पानांचे पत्ते जपून ठेवले. त्यानंतर अ‍ॅपकडे तक्रार केली आणि cybercrime.gov.in या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर नोंद केली. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळेल, तितकी रक्कम रोखून धरता येण्याची शक्यता अधिक असते. संगणक साधनांद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बाईंची मुदत ठेव मोडली गेली नाही. दोन महिन्यांचा जिव्हाळा मात्र एका रात्रीत मोडला. सकाळी नेहमीच्या वेळी संदेश आला तेव्हा त्यांचा हात उत्तर द्यावयास आपोआप पुढे गेला. भाचीने तो अडविला नाही. त्यांनी स्वतःच मोबाइल पालथा घातला आणि त्या शाळेच्या तयारीस लागल्या. पैशाची मागणी येईपर्यंत थांबण्याऐवजी ओळखीच्या पहिल्या आठवड्यातच ही तपासणी केली असती, तर हे दुःखही टळले असते. त्यासाठी लागला असता अर्धा तास आणि तीन स्क्रीनशॉट.