बाबांच्या ठेवीवरचं नाव आणि अमेरिकेचं नागरिकत्व

पासपोर्ट काढताना चारित्र्य पडताळणी कशी होते, हे कुपवाडमध्ये कुणाला सांगायला नको. पोलीस ठाण्यातून माणूस येतो, कागद बघतो, शेजारच्यांकडे चौकशी करतो. अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या आपल्या मुलामुलींबद्दल तिथे शेजाऱ्यांना सहसा कुणी विचारत नाही. त्यांच्या बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, आणि त्यांनी करखात्याला काय सांगितलं याची विचारणा होते. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज. ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षं झाली की तो भरता येतो, नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल तर तीन वर्षांनी. तेवढ्या काळातलं वागणं मुख्यतः तपासतात, मात्र त्याआधीचंही काढू शकतात.

अर्जात करांचे प्रश्न थेट आहेत. कर थकलाय का? आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर स्वतःला 'अनिवासी' म्हणवून विवरणपत्र भरलंय का, किंवा अनिवासी समजून ते भरलंच नाही असं झालंय का? हा दुसरा प्रश्न गावाकडे येऊन वर्षभर राहिलेल्यांना अडचणीत आणतो. तसं केलं असेल तर तुम्ही तिथलं कायमचं वास्तव्यच सोडलं, असं गृहीत धरलं जाऊ शकतं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता एक उदाहरण घेऊ. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कामगाराची मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते असं समजा. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून सांगलीच्या बँकेत ९ लाखांची मुदत ठेव केली, आणि पुढची काळजी म्हणून तिचं नाव जोडलं. तिनेही पगारातले १० लाख एनआरई खात्यात ठेवले. ही दोन्ही कामं घराघरांत होतात.

पहिल्या ठेवीतले पैसे वडिलांचे, त्यामुळे व्याजही त्यांचंच. त्यावर तिला अमेरिकेत सहसा कर द्यावा लागत नाही. मात्र खात्यावर नाव आहे, म्हणून खात्याची माहिती द्यावी लागते. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तरी एफबार नावाचं वेगळं निवेदन भरायचं असतं. ८५ रुपयांचा डॉलर धरला तर तिची मर्यादा कधीच ओलांडली गेली.

एनआरई ठेवीची गोष्ट वेगळी. तिचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून ते तिथे दाखवायचं नाही असा गैरसमज फार पसरलेला आहे. अमेरिका आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर घेते. ७ टक्क्यांनी ७० हजार रुपये, म्हणजे सुमारे ८२० डॉलर. २२ टक्क्यांचा दर धरला तर वर्षाला १८० डॉलर कर. रक्कम किरकोळ आहे. विवरणपत्रात मात्र 'परदेशात खातं आहे का' असा प्रश्न असतो, तिथे तिने 'नाही' लिहून खाली सही केलेली असते.

हे निस्तरता येतं, पण अर्जाआधी. सुधारित विवरणपत्र भरायचं, कर आणि व्याज चुकवायचं. चूक जाणूनबुजून केलेली नसेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांचे एफबार एकत्र भरण्याची सवलतीची योजना करखात्याकडे आहे. तिथे राहणाऱ्यांना त्यात पाच टक्के दंड पडतो. हे काम जाणत्या कर सल्लागाराकडूनच करून घ्यावं. थकलेला कर हप्त्यांनी फेडण्याचा करार केला असेल आणि हप्ते चालू असतील, तर त्याचे कागद दाखवता येतात.

बहुतेकांना धास्ती असते ती वाहतुकीच्या दंडाची. दारू किंवा अमली पदार्थ नसतील, अटक झाली नसेल आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल, तर त्याची कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. प्रश्न विचारला तर सांगायचं मात्र असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकत्व विभागाने अधिकाऱ्यांना अर्जदाराचं एकूण वागणं तोलायला सांगितलं, त्यात वारंवार वाहतूक नियम मोडणंही आलं. त्याच सूचनेत थकलेला कर पूर्ण भरणं ही जमेची बाजू धरली आहे.

लपवणं अधिक महाग पडतं. १९८८ च्या कुंगीस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नागरिकत्वासारखा लाभ मिळवण्यासाठी शपथेवर खोटं बोललं, तर ती बाब क्षुल्लक असली तरी चारित्र्याला बाधा येते. मुलाखत शपथेवरच होते. न सांगितलेला दंड हा दंडापेक्षा मोठा होतो तो असा.

कुपवाडात बसलेल्या आईवडिलांनी एवढं करावं: बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र मागताना एप्रिल ते मार्चवर थांबू नये. तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, म्हणून त्या बारा महिन्यांचा खातेउतारा आणि त्यातली सर्वाधिक शिल्लक मुलांना पाठवून द्यावी.